‘अकराला कळवतो’ म्हणजे ‘अकराला चालू’ नव्हे

नेट बंद पडलं की म्हापशाचा दुकानदार असो की कळंगुटचा हॉटेलवाला, आपल्यासारख्या नेट पुरवणाऱ्यांना त्याचा प्रश्न एकच असतो: "कधी येणार?" त्याला खरं तर दोन वेळा सांगायच्या असतात. आपण पुन्हा कधी कळवणार ही एक, आणि सेवा कधी सुरू होणार ही दुसरी. पहिली पूर्णपणे आपल्या हातात असते. दुसरी खड्ड्यात उतरलेल्या माणसांवर आणि पावसावर अवलंबून असते. फोनवर घाईत आपण "अकरापर्यंत बघतो" म्हणतो, आणि समोरचा ऐकतो "अकराला चालू". मग अकरा वाजून पाच मिनिटांनी जो फोन येतो, त्यातल्या रागाला तसं कारण असतं.

समजा, चवथीच्या आधीच्या आठवड्यात पर्वरीकडे रस्त्याच्या खोदकामात ४८ कोअरची फायबर केबल तुटली. सकाळी ९.१० ला लाइन गेली. ९.२५ च्या पहिल्या निरोपात सेवा सुरू होण्याची वेळ देऊच नये, कारण तेव्हा ती कोणालाच ठाऊक नसते. निरोप असा हवा:

"नमस्कार. ९.१० पासून म्हापसा, कळंगुट भागातलं नेट बंद आहे. मुख्य केबलमध्ये बिघाड दिसतोय, जागा शोधतोय. चालू कधी होईल ते आत्ता सांगता येत नाही. १० वाजता पुन्हा कळवतो, नवीन काही नसलं तरी."

शेवटचे चार शब्द महत्त्वाचे. दहा वाजता सांगण्यासारखं काही नसेल, तरी तेवढंच लिहून पाठवायचं. पुष्कळजण इथेच गप्प बसतात, आणि गिऱ्हाईक समजतं की कोणी बघतच नाही.

दहाला कळतं की ओटीडीआर यंत्राने तुटीचं अंतर दाखवलंय. पण ते अंतर केबलच्या लांबीचं असतं, रस्त्याचं नव्हे. चेंबरमध्ये जागोजागी जादा केबलची वेटोळी ठेवलेली असतात, त्यामुळे नेमकी जागा पायी फिरून शोधावी लागते. म्हणजे अजूनही अंदाज नाही. दहाच्या निरोपात फक्त "टीम जागेवर निघाली, ११.१५ ला कळवतो."

११.१५ ला खड्डा उघडतो आणि आता हिशेब मांडता येतो. केबल दोन मीटर चेंगरली आहे, म्हणजे मध्ये नवा तुकडा घालून दोन्ही टोकांना जोड द्यायचे. ४८ दुणे ९६ जोड. फायबर सोलणं, पुसणं, कापणं, जोडणं आणि वर स्लीव्ह तापवणं धरून एका जोडाला साधारण ४ मिनिटं, म्हणजे एका मशिनवर साडेसहा तासांच्या आसपास. दोन टोकांना दोन मशिनं लावली तर सव्वातीन तास. वर टोकं तयार करायला पाऊण तास. हिशेब सव्वातीनला येतो, पण गिऱ्हाइकाला "सव्वातीन" सांगू नये. "३ ते ५ च्या दरम्यान, पाऊस आला तर उशीर" असं सांगावं. एकच नेमका आकडा दिला की तो अंदाज राहत नाही, वचन होतो.

या निरोपातच तोवर काय करता येईल तेही घालावं. दुकानातला क्यूआर चालतच असतो, कारण गिऱ्हाईक स्वतःच्या मोबाइल डेटावर पैसे भरतं, आणि साउंडबॉक्समध्ये बहुधा स्वतःचं सिम असतं. दुकानाच्या वायफायवर चालणारं कार्ड मशिन मात्र फोनच्या हॉटस्पॉटला जोडावं. हॉटेलवाल्याने आज येणाऱ्या पाहुण्यांची यादी मोबाइल डेटावर उघडून कागदावर उतरवून ठेवावी. इतकं सांगितलं की पुढचे निम्मे फोन येतच नाहीत, असं माझं मत.

दीड वाजता पाऊस कोसळतो. खड्ड्यात पाणी, तंबू धरून एकच मशिन चालतंय. इथे दोन वेळांमधला फरक खरा कामाला येतो. अंदाज चुकणार हे दिसलं, तर तो संपायच्या आधी बदलायचा. पाच वाजल्यावर "अजून थोडा वेळ" म्हणणं सगळ्यात वाईट. २ वाजता लिहायचं: "पावसामुळे काम मंदावलंय. आता अंदाज ६ ते ८. पुढचा निरोप ४ ला." अंदाज पुढे गेला, तरी कळवण्याची वेळ आपण पाळतोय, आणि नव्या आकड्यावर लोक विश्वास ठेवतात तो त्यामुळेच.

"चालू झालं" हा निरोपही घाईने धाडू नये. चालू वाहतुकीचे कोअर आधी जोडतात, त्यामुळे कळंगुट उजळतं तेव्हा म्हापसा बंदच असू शकतं. भागाचं नाव घेऊन सांगावं, तेही तिथल्या एकदोन गिऱ्हाइकांकडून खात्री करून. काहींचा राउटर जुन्याच कनेक्शनला चिकटून बसतो. त्यांना दोन मिनिटं वीज बंद करून पुन्हा लावायला सांगावं.