दादाचे स्टीमवरचे गेम वारसाच्या नावावर होतात का?

"माझा चुलतभाऊ गेला, त्याच्या स्टीमवर ६० गेम आहेत. डेथ सर्टिफिकेट दाखवलं की पोराच्या नावावर होतील ना, बँकेच्या खात्यासारखं?"

नाही भाऊ, होत नाहीत. स्टीम म्हणजे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान, तिथं आपण गेम नाही, तो खेळायचं लायसन्स घेतो, आणि अकाउंट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही असं करारातच आहे. २०२४ मध्ये स्टीमच्या सपोर्टने एकाला सरळ कळवलं, मृत्युपत्रातूनही अकाउंट देता येणार नाही.

आमच्या लातूरच्या मावसभावाचं हेच झालं, घरच्यांना पासवर्ड माहीत होता पण लॉगिनचा कोड त्याच्या फोनवरच्या ॲपमध्ये, अन् फोनचं लॉक कुणालाच उघडेना, लेकरू नुसतं स्क्रीनकडं बघत बसलं, लई वाईट वाटलं.

म्हणून जिवंतपणीच स्टीम फॅमिलीज चालू करा. एका घरातले ६ जण त्यात बसतात, बापाचे गेम पोरगा स्वतःच्या अकाउंटवरून खेळतो, सेव्ह पण त्याचेच वेगळे राहतात, पासवर्ड द्यायची गरजच नाही. काही गेम मात्र शेअर होत नाहीत, आणि एका कॉपीवर एका वेळी एकच जण. ग्रुपमधून कुणाला काढू नका, त्याचे गेम पण जातात आणि ती जागा वर्षभरापर्यंत अडकू शकते.

पुढं घ्यायचे गेम जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात मिळत असतील तर तिथून घ्या, ऑफलाइन इन्स्टॉलर हार्डडिस्कवर उतरवून ठेवला की तो लॉगिनशिवाय चालतो.