धडधड थांबली म्हणजे प्रेम गेलं?

"लग्नाला बारा वर्षं झाली, आता तिला बघून काहीच धडधडत नाही, प्रेम संपलं म्हणायचं का?"

नाही भावा. रॉबर्ट स्टर्नबर्ग या मानसशास्त्रज्ञानं 1986 मध्ये मांडलं की प्रेमात जवळीक, ओढ आणि बांधिलकी असे तीन वेगळे भाग असतात, आणि तिन्हींची चाल वेगळी. ओढ झटक्यात चढते अन् सवय झाली की उतरते, त्यात नवल काय. खरी गंमत जवळिकीची, ती मुरली की दिसतच नाही, कळते ती खंड पडल्यावर. आमचंच बघ, ही आठ दिवस माहेरी गडहिंग्लजला गेली तर रंकाळ्यावर एकट्याला भेळ जाईना, दिवसभराचं सांगायचं कुणाला, पुडी तशीच घरी आणली. ती नसताना तुला काहीच वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं झालं, तर मात्र नुसती बांधिलकी उरली असेल.