कपॅसिटरच्या फटीतला प्रवाह: मॅक्सवेलची दुरुस्ती नेमकी आली कुठून?

नाशिकच्या कॉलेज रोडवर बारावीच्या फिजिक्सचा कुठलाही क्लास घ्या, विस्थापन प्रवाह शिकवताना फळ्यावर तीच आकृती निघते: दोन गोल पट्ट्या, मधे हवा, बाहेर तार. तारेभोवती एक वर्तुळ काढायचं आणि अँपिअरचा नियम लावायचा, ∮B·dl = μ₀I. इथे I म्हणजे त्या वर्तुळावर ताणलेल्या पृष्ठातून जाणारा प्रवाह. पृष्ठ सपाट ठेवलं तर ते तारेला छेदतं. त्याच वर्तुळाला तोंड मानून पृष्ठ पिशवीसारखं फुगवलं आणि पिशवीचा तळ दोन पट्ट्यांच्या मधे नेला, तर त्यातून एकही इलेक्ट्रॉन जात नाही आणि I शून्य येतो. वर्तुळ एकच, त्यावरचं चुंबकीय क्षेत्र एकच, उत्तरं मात्र दोन.

अडचण खरी आहे, पण अँपिअरच्या नियमात विस्थापन प्रवाह मिळवण्याची ही दुरुस्ती मॅक्सवेलला अशा आकृतीतून सुचली नाही.

मुळात हा नियम या रूपात अँपिअरनेही मांडलेला नाही. ओर्स्टेडने १८२० साली तारेजवळ चुंबकसुई वळते हे दाखवल्यावर अँपिअरने प्रवाह वाहणाऱ्या तारांमधल्या बलांचा अभ्यास केला, आणि त्याची मंडलं बंद असत. प्रवाह आणि चुंबकीय क्षेत्राच्या अभिसरणाचं नातं १८५५-५६ च्या सुमारास मॅक्सवेलनेच गणितात बसवलं. हे समीकरण फक्त बंद प्रवाहांनाच लागू पडतं, हेही त्याला तेव्हाच दिसलं होतं. प्रवाह कुठेतरी थांबून तिथे प्रभार साचत असेल, तर त्या गणितात त्याला जागाच नव्हती.

पुढची पायरी १८६१-६२ मधल्या लेखमालेत आली. मॅक्सवेल तेव्हा लंडनच्या किंग्ज कॉलेजात होता. त्याने अवकाश फिरत्या भोवऱ्यांनी भरलेला कल्पिला होता, आणि त्या भोवऱ्यांच्या मधे बारीक गोळ्या. प्रभार समजावण्यासाठी त्याने भोवऱ्यांना लवचिकपणा दिला. विद्युत क्षेत्र लावलं की माध्यम किंचित सरकतं. हे सरकणं चालू असेपर्यंत तोही एक प्रवाहच, म्हणून तो समीकरणात मिळवायला हवा. मॉडेल आज कुणी मानत नाही, आणि त्या लेखातल्या चिन्हांचा गोंधळही अभ्यासकांना डोकेदुखी देतो. पद मात्र टिकलं: विस्थापन प्रवाह I_d = ε₀ dΦ_E/dt, म्हणजे पृष्ठातून जाणारा विद्युत क्षेत्राचा अभिवाह किती वेगाने बदलतो, ते.

आता पिशवीकडे परत येऊ. पट्ट्यांची त्रिज्या ५ सेमी, अंतर १ मिमी आणि तारेत ०.१ अँपिअर धरू. पट्टीवर प्रभार Q असेल तर मधल्या फटीतून जाणारा अभिवाह Q/ε₀ (कडेला बाहेर फाकणारं क्षेत्र सोडून देऊ). म्हणून ε₀ dΦ_E/dt = dQ/dt, म्हणजे नेमका ०.१ अँपिअर. तळ फटीत नेला काय किंवा तारेवर ठेवला काय, हिशेब जुळतो. पट्ट्यांच्या कडेशी क्षेत्र येतं ०.४ मायक्रोटेस्ला. फटीत अक्षापासून २.५ सेमीवर फक्त एक चतुर्थांश विस्थापन प्रवाह वेढला जातो आणि वर्तुळही निम्मं होतं, म्हणून तिथे क्षेत्र ०.२ मायक्रोटेस्ला.

एवढ्याशा क्षेत्राची तेव्हा कुणाला उणीव का भासली नाही, हेही याच उदाहरणात दिसतं. पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला, म्हणजे शंभरपट. शिवाय या कपॅसिटरची धारकता जेमतेम ७० पिकोफॅरड. ०.१ अँपिअर त्याला दिला तर व्होल्टेज सेकंदाला १.४ अब्ज व्होल्ट या दराने चढेल आणि दोनेक मायक्रोसेकंदांत ३००० व्होल्टच्या आसपास हवेतच ठिणगी पडेल. सुई हलायच्या आत खेळ खल्लास.

त्यामुळे मॅक्सवेलच्या बाजूने उभा राहिला तो वेगळाच पुरावा. वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ मध्ये केलेल्या विद्युत मोजमापांतून लवचिक माध्यमातल्या तरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख १० हजार किमी निघाला. फिझोने मोजलेला प्रकाशाचा वेग होता सुमारे ३ लाख १५ हजार. कपॅसिटरची फट चुंबकसुईने तपासण्यापेक्षा हा आकडा कितीतरी बोलका होता.

पदात dΦ_E/dt आहे, म्हणजे बदल जितका झपाट्याचा तितका त्याचा वाटा मोठा. हर्ट्झने १८८७-८८ मध्ये ठिणग्यांनी सेकंदाला कोट्यवधी आंदोलनं घडवली तेव्हाच तरंग हाती लागले. फटीतलं क्षेत्र थेट, संथ आंदोलनांत, अतिसंवेदनशील चुंबकमापकाने मोजल्याचा प्रयोग तर १९८५ चा आहे. त्यातही एक खोच आहे. चार्जिंग संथ असेल तर फटीतलं तेच क्षेत्र तारा आणि पट्ट्यांमधल्या खऱ्या प्रवाहांवर बायो-सावार नियम लावूनही काढता येतं. त्यामुळे अशा मोजमापाने अभिसरणाचा हिशेब पक्का होतो, पण विस्थापन प्रवाह हा चुंबकीय क्षेत्राचा स्वतंत्र उगम आहे, असं त्यावरून म्हणता येत नाही.