साउंड चेक : बँडमधील क्रम व श्रवण

कार्यक्रमापूर्वी मंचावरचा प्रत्येक माईक व प्रत्येक वाद्य मिक्सरवर एकेक करून ऐकणे, त्याची पातळी बांधणे आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एखादे गाणे वाजवून पाहणे, या पद्धतीला साउंड चेक म्हणतात. रॉक, पॉप व त्यांना जवळच्या वाद्यमेळांत क्रम जवळजवळ ठरलेला आहे. आधी किक ड्रम, मग स्नेअर, हायहॅट, टॉम आणि वरचे ओव्हरहेड माईक. त्यानंतर बेस, गिटार, कीबोर्ड. सर्वांत शेवटी गायक. वायर योग्य चॅनेलला येते की नाही एवढेच पाहून थांबले, तर तो लाइन चेक ठरतो. २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडरसारख्या अनेक मंचांच्या महोत्सवात दोन बँडमधल्या अवकाशात बहुधा एवढेच शक्य होते.

उगम : हा क्रम १९६० च्या दशकाअखेरीस किंवा १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात, ड्रमवर अनेक माईक लावण्याची रीत आली तेव्हा स्थिरावला असावा. त्याआधी त्याची गरजच नव्हती. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स वाजले तेव्हा गायन मैदानाच्या स्वतःच्या भोंग्यांतून गेले आणि गिटारसाठी व्हॉक्स कंपनीचे १०० वॅटचे अँप्लिफायर होते. वाद्यांचा समतोल मंचावरच व्हायचा. गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा मॉनिटर प्रथम कोणी लावला, यावर मतभेद आहेत. सप्टेंबर १९६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ज्यूडी गार्लंड यांच्या मैफलीला मॅक्यून साउंड सर्व्हिसने मंचाच्या बाजूंना लावलेले स्पीकर हे पहिले उदाहरण म्हणून दाखवले जाते. दुसरे मत ध्वनितंत्रज्ञ बिल हॅन्ली यांनी पुढे बफेलो स्प्रिंगफील्ड या बँडसाठी केलेल्या कामाला महत्त्व देते. पहिल्याला कालक्रमाचा आधार आहे. पण फिरत्या रॉक बँडच्या रोजच्या व्यवहारात मॉनिटर रुजण्याशी दुसऱ्याचा संबंध अधिक जवळचा वाटतो.

ड्रम आधी का, याची तीन कारणे दिली जातात. ड्रमवर सर्वाधिक माईक असतात, म्हणून वेळखाऊ काम आधी उरकावे, हे पहिले. किक आणि बेस हा मिश्रणाचा पाया, हे दुसरे. हे फार लोकप्रिय आहे, पण त्यातून स्नेअर आणि झांजा बेसच्या आधी का, हे कळत नाही. तिसरे कारण गळतीचे आहे. गायकाचा माईक मंचावरचा सर्वांत उघडा, सर्वांत जास्त गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, दिलेला असतो आणि त्यात ड्रम शिरतातच. तो नीट ऐकायचा, तर ड्रम आधी जागेवर बसलेले हवेत. १९७४ मध्ये ग्रेटफुल डेड या बँडने वादकांच्या मागेच स्पीकरांची भिंत उभारली, तेव्हा हाच प्रश्न टोकाला गेला. त्यांनी प्रत्येक गायकापुढे विरुद्ध ध्रुवतेचे, म्हणजे एकमेकांच्या उलट सिग्नल देणारे, दोन माईक जोडले आणि गायकाला त्यांपैकी एकातच गायला लावले. दोन्हींत सारखा शिरणारा मागचा आवाज रद्द होई, गाणे मात्र उरे. तीन कारणांत हे तिसरेच सर्वांत बळकट दिसते. गायकापासून सुरुवात करून बाकीचे सारे त्याभोवती रचावे असे मानणारेही आहेत, आणि गायकप्रधान कार्यक्रमात त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही.

उदाहरण : पाच जणांचा बँड, १६ चॅनेल आणि हातात एक तास धरू. ड्रमला आठ चॅनेल : किक, स्नेअर वरून, स्नेअर खालून, हायहॅट, दोन टॉम, दोन ओव्हरहेड. बेसला एक, गिटारला दोन, कीबोर्डला दोन, गायनाला तीन. ड्रमला वीस मिनिटे, बेसला पाच, गिटारींना दहा, कीबोर्डला पाच, गायकांना दहा आणि उरलेली दहा मिनिटे एका पूर्ण गाण्याला, असा हिशेब बसतो. ड्रमला चाळीस मिनिटे गेली की गायकाला घाईत उरकावे लागते. प्रत्यक्षात होते बहुधा हेच.

प्रत्येक चॅनेलवर पहिले काम गेनचे. डिजिटल मिक्सरवर शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबली की पुरेसे. तपासणीत वादक हात राखून वाजवतात आणि प्रेक्षक समोर आले की पाच-सहा डेसिबल सहज वाढतात. तेवढी जागा राखली नाही, तर दुसऱ्याच गाण्यात आवाज फाटतो. मॉनिटर त्याच मिक्सरवरून जात असतील, तर नंतर गेन हलवणे महागात पडते, कारण गेन बदलला की मंचावरच्या सगळ्यांचे ऐकूही बदलते.

किक : वादकाला एकाच जोराने, सावकाश ठोके द्यायला सांगतात. ऐकायच्या गोष्टी दोन, खालचा धक्का आणि वरची टकटक. धक्का साधारण ५० ते ८० हर्ट्झमध्ये असतो, टकटक ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये. मधला ३०० ते ४०० हर्ट्झचा भाग जास्त असला की ड्रम खोक्यासारखा वाजतो. तो आधी कमी करून पाहावा, खालचे वाढवण्याची गरज पुष्कळदा उरत नाही. ठोका संपल्यावर घुमणे रेंगाळत असेल, तर उपाय मिक्सरवर नाही, ड्रममध्ये उशी घालण्यात आहे.

स्नेअर : इथे थांबणे भाग आहे, कारण सर्वांत सहज निसटणारा दोष इथेच असतो. वरचा माईक कातड्याचा ठोका ऐकतो आणि खालचा तारांची खरखर. काठी आदळली की वरचे कातडे वरच्या माईकपासून दूर जाते आणि खालचे कातडे खालच्या माईकच्या दिशेने येते. म्हणजे दोन माईक एकाच ठोक्याची उलटसुलट बाजू पाठवतात, आणि दोन्ही एकत्र केले की २०० हर्ट्झच्या आसपासचे भरलेपण गळून आवाज पातळ, डब्यासारखा होतो. एकेकटे ऐकताना दोन्ही चॅनेल उत्तम वाटतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. तपासायचे असे : आधी वरचा चॅनेल ऐकावा, मग खालचा हळूहळू वाढवावा. आवाज भरण्याऐवजी रिता होत गेला, तर खालच्या चॅनेलचे ध्रुवता बदलणारे बटण दाबावे. ज्या स्थितीत जास्त खर्ज ऐकू येतो ती बरोबर. हीच कसोटी नंतर ओव्हरहेड उघडल्यावर किकवरही घ्यावी.

हायहॅटचा चॅनेल पुष्कळदा बंदच राहतो, कारण स्नेअरच्या माईकमध्ये तो आधीच पुरेसा आलेला असतो. टॉममध्ये प्रत्येक ठोक्यानंतरचे गुणगुणणे तेवढे पाहावे. ओव्हरहेडवर २०० हर्ट्झच्या खालचे कापून टाकले की झांजा मोकळ्या होतात. छोट्या सभागृहात झांजा मंचावरूनच इतक्या येतात की हे माईक जवळजवळ शून्यावर ठेवावे लागतात.

बेस : साधारणपणे डीआय बॉक्समधून, म्हणजे माईकशिवाय वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या पेटीतून, थेट सिग्नल घेतात. वादकाने एकच आवडती ओळ न वाजवता चारही तारांवर खालून वर सावकाश जावे. एखादाच स्वर इतरांपेक्षा मोठा होऊन खोली भरून टाकत असेल, तर ते बहुधा त्या सभागृहाचे घुमणे असते. उघडी ई तार ४१ हर्ट्झची असली, तरी छोट्या स्पीकरवर कान पकडतो तो तिचा ८२ हर्ट्झचा दुसरा स्वरांश. त्यामुळे किकला खालची जागा देऊन बेसला किंचित वर ठेवणे, किंवा याच्या उलट, असा निर्णय इथेच घ्यावा लागतो. सततचा गुंज ऐकू आला, तर भारतात तो ५० किंवा १०० हर्ट्झचा वीजपुरवठ्याचा असतो; डीआयवरचे ग्राउंड लिफ्ट बटण तो बऱ्याचदा घालवते.

गिटार व कीबोर्ड : गिटारवादकाकडून साधा, फाटका आणि सोलोचा असे तिन्ही आवाज घ्यावेत; गेन बांधायचा तो सोलोवर. माईक स्पीकरच्या मध्यभागी असला की आवाज टोकदार, कडेला सरकवला की मऊ, म्हणून इक्वलायझरला हात घालण्यापूर्वी माईक दोन बोटे हलवून पाहावा. कीबोर्डवर एक पियानो ऐकून भागत नाही. ऑर्गन आणि पॅड यांच्या पातळ्या वेगळ्या असतात, म्हणून सर्वांत मोठ्याने वाजणारा पॅच, म्हणजे साठवलेला आवाज, मागून घ्यावा.

गायन : १०० हर्ट्झच्या आसपासपर्यंतचे खालचे कापून सुरुवात करावी. ‘चेक, वन, टू’वर पातळी बांधू नये, कारण बोलणे आणि कार्यक्रमात जोर लावून गाणे यांत बराच फरक पडतो, गाण्याचा सर्वांत उंच भाग गायला लावावा. मॉनिटरचा आवाज माईकमध्ये परत शिरून शिट्टी येते का, ते मॉनिटर हळूहळू वाढवत पाहतात. साध्या कार्डिऑइड माईकची मागची बाजू सर्वांत बहिरी असते, म्हणून मॉनिटर नेमका गायकासमोर ठेवतात. सुपरकार्डिऑइड माईक मात्र सुमारे १२६ अंशांवर सर्वांत बहिरा असतो, तेव्हा दोन मॉनिटर दोन बाजूंना तिरके ठेवणे इष्ट. गायकाने माईकचे डोके मुठीत धरले की ही सगळी रचना कोलमडते आणि माईक चहूकडून ऐकू लागतो. शिवाय उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वीची मर्यादा सुमारे तीन डेसिबलने घटते. म्हणून जो गायक गात नाही, त्याचा माईक बंद ठेवावा.

क्रम इथे संपतो, तपासणी नाही. तिन्ही गायनमाईक उघडे असताना ड्रमवादकाला पुन्हा एकट्याने वाजवायला लावावे आणि माईक उघडबंद करून स्नेअर ऐकावा. गायक ड्रमपासून तीन मीटरवर असेल, तर स्नेअरचा आवाज त्याच्या माईकमध्ये सुमारे नऊ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. जवळच्या माईकमधला टणक ठोका आणि हा उशिराचा धूसर ठोका मिसळून ड्रम मागे सरकल्यासारखे, झांजा मात्र कर्कश होतात. फरक मोठा असेल, तर ओव्हरहेड खाली आणावे किंवा गायकाचा माईक वळवून ड्रमकडे त्याची बहिरी बाजू आणावी. वीस मिनिटे खर्चून बांधलेले ड्रम या क्षणापर्यंत तात्पुरतेच असतात.

एकाच संध्याकाळी अनेक बँड असतील, तर तपासणी उलट्या क्रमाने होते. शेवटी वाजवणारा आधी तपासतो आणि पहिला सर्वांत शेवटी, म्हणजे त्याची मांडणी तशीच राहते. रिकाम्या सभागृहात उंच स्वर भिंतींवरून परततात, माणसे आली की ते शोषले जातात, पण खर्ज फारसा कमी होत नाही. म्हणून तपासणीत किंचित टोचणारा आवाज मऊ करण्याची घाई करू नये. मोकळ्या मैदानात हा प्रश्न नाही, तिथे वेळेचा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धकांना मनाई असल्याने तपासणीतली दिरंगाई कार्यक्रमाच्या शेपटातून कापली जाते.