ब्लीचची आग आणि फेशियलच्या पुळ्या: दोन वेगळ्या गोष्टी

"ताई, पिंपल्स खूप आलेत, फेशियल करू की ब्लीच?" हा प्रश्न मी पार्लर चालवायला लागल्यापासून ऐकते आहे. विचारणारीच्या मनात बहुतेक वेळा असं असतं की फेशियल म्हणजे साधी सफाई आणि ब्लीच म्हणजे त्याहून जोरकस सफाई. मग पिंपल्स जास्त असतील तर ब्लीच, कमी असतील तर फेशियल. हा समज इतका पक्का बसलाय की काही पार्लरमध्येही तसंच सांगितलं जातं. ब्लीच सफाई करतच नाही. त्यात चेहऱ्यावरून काढून टाकण्याचं असं काही कामच नाही.

फेशियल सगळ्यांना माहीत असतं. क्लेन्झिंग, स्क्रब, वाफ, ब्लॅकहेड्स काढणं, वीसेक मिनिटं क्रीमचा मसाज आणि शेवटी पॅक. सगळं काम हाताचं, म्हणजे घासणं, दाबणं, चोळणं. वरच्या मृत पेशींचा थर थोडा निघतो, रक्तपुरवठा वाढतो, कातडीत ओलावा जातो, म्हणून चेहरा दोन-चार दिवस तुकतुकीत दिसतो. पिंपल्सचं मूळ कारण मात्र जागच्या जागी राहतं. जाता जाता एक सांगते: वाफेने रंध्रं उघडत नाहीत आणि बर्फाने बंदही होत नाहीत. रंध्राला दार नसतं. वाफेने आत साचलेला ऐवज मऊ होतो, एवढंच. आणि ब्लॅकहेडचा काळा रंगही मळाचा नसतो. तो रंध्रात अडकलेल्या तेलाचा, मृत पेशींचा आणि त्यांतल्या मेलॅनिनचा असतो. म्हणूनच तो कितीही घासला तरी जात नाही.

ब्लीचचं काम पूर्ण वेगळं आहे. क्रीममध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. सोबतची पावडर किंवा अमोनियाचं द्रावण मिसळलं की मिश्रण अल्कधर्मी होतं. त्याने केसाचं बाहेरचं आवरण सैल होतं, पेरॉक्साइड आत शिरतं आणि केसातलं मेलॅनिन फिकं करतं. म्हणजे ब्लीच रंगवतं ते लवेला. काळी लव सोनेरी झाली की चेहरा एक छटा उजळ वाटतो. कातडीचा रंग ज्या पेशींत तयार होतो त्या खालच्या थरात असतात, त्यांच्यापुढे ब्लीचचं काही चालत नाही. टॅन काढण्यासाठी ब्लीच ही माझी सगळ्यात जुनी तक्रार आहे. धुतल्यावर लगेच जो गोरेपणा दिसतो तो पेरॉक्साइडने कातडी तात्पुरती पांढुरकी पडल्याचा आणि किंचित सुजेचा असतो. सूज उतरली की तोही उतरतो.

इथपर्यंतचं बऱ्याच जणींना पटतं. घोटाळा होतो तो पुढे, चेहरा बिघडल्यावर. काय बिघडलं आणि कशामुळे, हे ओळखताच येत नाही, कारण दोन्ही एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक केलेली असतात. मग सरसकट एकच वाक्य येतं: "मला ब्लीच मानवलं नाही." किंवा त्याहून वाईट, "घाण बाहेर पडतेय, पडू दे."

खरं तर दोघांचं नुकसान वेगवेगळ्या वेळी दिसतं. म्हणून कोणी तक्रार घेऊन आलं की मी आधी चेहरा नाही, तारीख विचारते.

ब्लीचचा त्रास मिनिटांत आणि तासांत दिसतो. लावताना झोंबतं, धुतल्यावर लालसर चट्टे राहतात, संध्याकाळपर्यंत खाज सुटते किंवा बारीक, एकसारखे, मोहरीएवढेही नसलेले दाणे उठतात. ऍलर्जी असेल तर कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पापण्या सुजतात. हे पिंपल्स नव्हेत, ही भाजलेली किंवा चिडलेली कातडी आहे. त्यात डोकं धरलेली पुळी नसते, दाबलं तर आत गाठ लागत नाही, आणि त्रास जिथे ब्लीच लागलं होतं तिथेच, जवळजवळ कडा आखल्यासारखा दिसतो.

फेशियलचा त्रास दोन वेळा येतो. पहिला एक ते तीन दिवसांत, जिथे दाबून काढलं तिथे. लाल पिंपल पिळला की रंध्राची भिंत कधी बाहेरच्या ऐवजी आतल्या बाजूला फुटते, आतला ऐवज आसपासच्या कातडीत पसरतो आणि छोट्या पुळीचा मोठा, दुखरा फोड होतो. दुसरा त्रास खूप उशिरा येतो, दोन-तीन आठवड्यांनी किंवा त्याहूनही नंतर. गालांवर आणि जबड्याच्या कडेने खोल, हाताला लागणाऱ्या गाठी उठतात आणि लवकर बसत नाहीत. जाडसर मसाज क्रीम बराच वेळ दाबून चोळलं की आधीच तेलकट आणि तोंडं बंद झालेल्या रंध्रांवर ताण येतो. फेशियल आणि गाठी यांच्यामध्ये इतके दिवस जातात की बाई दोन्हींचा संबंध लावतच नाही. उलट गाठी आल्या म्हणून पुन्हा फेशियलला येते.

मागे एक तेवीस वर्षांची मुलगी आली होती. दुसरीकडे ब्लीच आणि फेशियल दोन्ही करून सोळा दिवस झाले होते. म्हणाली, ब्लीचने चेहऱ्याची वाट लावली. मी तिला उजेडात बसवून दोन गोष्टी वेगळ्या केल्या. ओठांच्या वर आणि गालांच्या उंचवट्यांवर कातडी खरखरीत होती आणि फिकट तपकिरी डाग होते. ते कधीपासून? त्याच संध्याकाळपासून, आधी लाल होते, मग खपली धरली, मग तपकिरी झाले. हे ब्लीचचं. जबड्याच्या दोन्ही बाजूंना सहा खोल गाठी होत्या. त्या कधी आल्या? तीन-चार दिवसांपूर्वी. हे ब्लीचचं नाही, मसाजचं.

मग विचारलं, रात्री काही लावतेस का? आधी नाही म्हणाली. थोड्या वेळाने आठवलं, डॉक्टरांनी पिंपल्ससाठी दिलेलं ऍडापलीन जेल. ते रोज रात्री चालू होतं, ब्लीचच्या आदल्या रात्रीही लावलं होतं. पार्लरमध्ये कोणी विचारलं नाही, तिलाही सांगावंसं वाटलं नाही. ऍडापलीन, ट्रेटिनॉइन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड लावणाऱ्या चेहऱ्यावर कातडी आधीच कोरडी, नाजूक झालेली असते. त्यावर अल्कधर्मी ब्लीच म्हणजे सोललेल्या जागी साबण. ती म्हणाली, "लावताना खूप आग होत होती, पण ताई म्हणाल्या म्हणजे काम करतंय." हे वाक्य ऐकलं की माझा जीव तुटतो. थोडं चुरचुरणं वेगळं. आग व्हायला लागली की त्याच क्षणी पुसून गार पाण्याने धुवायचं, पाकिटावरची वेळ पूर्ण होण्याची वाट बघायची नाही.

मी तिला काहीही केलं नाही. स्क्रब बंद, पॅक बंद, सौम्य फेसवॉश, हलकं मॉइश्चरायझर, बाहेर पडताना सनस्क्रीन, आणि जेल पुन्हा कधी सुरू करायचं ते विचारायला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. सनस्क्रीनवर मी अडून बसते, कारण आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर भाजल्याचा किंवा पिंपलचा प्रत्येक वण तपकिरी डाग मागे ठेवतो आणि उन्हाने तो गडद होतो. पुळी आठवड्यात जाते, डाग महिनोन् महिने राहतो. ज्यांचे पिंपल्स सारखे येतात त्यांच्यासाठी खरा धोका हाच आहे, आणि उजळ दिसायला म्हणून केलेलं ब्लीच नेमकं तेच करून बसतं.

"घाण बाहेर पडते" याबद्दलही सांगायलाच हवं. ऍडापलीन-ट्रेटिनॉइनसारख्या औषधांनी सुरुवातीच्या काही आठवड्यांत पिंपल्स वाढतात हे खरं आहे, कारण ती रोज लावली जातात आणि पेशींची उलाढाल वाढवतात, त्यामुळे आत दबलेलं लवकर वर येतं. एका दिवसाच्या फेशियलने ते होत नाही. फेशियलनंतर आलेल्या पुळ्या म्हणजे फेशियल लागू पडल्याची खूण नव्हे, न सोसल्याची खूण आहे.

आता किती वेळा. पिंपल्स नसलेल्या चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांतून एकदा फेशियल चालतं. नाही केलं तरी काही बिघडत नाही. पिंपल्स येणाऱ्यांना मी पूर्ण फेशियल करत नाही. लाल, दुखऱ्या पुळ्या असतील तर काहीच करत नाही. चेहरा शांत असेल आणि नाक-हनुवटीवर नुसते ब्लॅकहेड्स असतील तर फक्त क्लीन-अप, तेही चार-सहा आठवड्यांच्या आत नाही: दाणेदार स्क्रब नाही, वाफ पाचेक मिनिटं, निर्जंतुक केलेल्या एक्स्ट्रॅक्टरने फक्त तोंड उघडं असलेले ब्लॅकहेड्स, आणि मसाज नाही. एक-दोनदा दाबून निघालं नाही तर ते तिथेच सोडायचं.

ब्लीच चार आठवड्यांच्या आत पुन्हा नको, कारण लव वाढून काळी मुळं दिसायला साधारण तेवढे दिवस लागतातच. चालू पिंपल्सवर तर अजिबात नको. कोणाला लव फारच खुपत असेल तर मी फक्त ओठांवरची जागा करते, तीही आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून, पाकिटावरच्या वेळेनंतर धुऊन, एक-दोन दिवस वाट पाहून. मुरुमांची औषधं लावत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच संपल्या असतील तर ब्लीच, वॅक्सिंग, स्क्रब काहीच नाही. ब्लीचच्या पावडरीत बऱ्याचदा पर्सल्फेट असतं आणि त्याने काहींना दम्याचा त्रास होतो, म्हणून दमा असलेल्यांना मी सरळ नकार देते. ब्लीचनंतर ओठ-पापण्या सुजल्या किंवा श्वास लागला तर पार्लरमध्ये परत यायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

आणि दोन्ही करायचीच असतील तर एका दिवशी कधीही नाही. स्क्रब आणि वाफेनंतर ब्लीच तर नाहीच, पण ब्लीचनंतर लगेच मसाजही नाही. मध्ये किमान आठवडा हवा. ती मुलगी तीन महिन्यांनी परत आली तेव्हा जबडा साफ होता, गालांवरचे डाग निम्मे उतरले होते. तिने आल्या आल्या सांगितलं, जेल चालू आहे. मी नाकावरचे ब्लॅकहेड्स काढले, बाकी चेहऱ्याला हात लावला नाही, आणि दहा मिनिटांत तिला मोकळं केलं.