सर्वाधिक मतांची निवडणूक पद्धत : न्याय्य की अन्याय्य? (उजळणीसाठी संवाद)

मतदारसंघात इतर कोणत्याही उमेदवारापेक्षा जास्त मते मिळवणारा निवडून येतो, मग त्याला निम्मी मते मिळोत वा न मिळोत. या पद्धतीला 'फर्स्ट पास्ट द पोस्ट' म्हणतात. लोकसभा आणि विधानसभांचे सदस्य भारतात असेच निवडले जातात. वाशीतल्या एका अभ्यासिकेत बारावीची दोन मुले 2014 चा लोकसभा निकाल समोर ठेवून यावर वाद घालत आहेत. परीक्षेतल्या उत्तराला एवढे एक उदाहरण नीट समजले तरी पुरते.

ओंकार : हे बघ, बसपाला देशभरात 4.2 टक्के मतं. मतांमध्ये पक्ष तिसरा, आणि जागा शून्य! तृणमूलला 3.8 टक्के, तरी 34 जागा. याला न्याय म्हणायचं?

सायली : अरे, तृणमूलची जवळजवळ सगळी मतं बंगालमध्ये आहेत, आणि तिथे जागा फक्त 42. मतं एकवटली की मतदारसंघ जिंकता येतात.

ओंकार : मग बसपाचं काय? एकट्या उत्तर प्रदेशात जवळपास 20 टक्के मतं घेतली, आणि 80 पैकी एकही जागा नाही.

सायली : कारण ती मतं राज्यभर विखुरलेली होती. बऱ्याच ठिकाणी पक्ष दुसरा-तिसरा आला, आणि इथे दुसऱ्याला काहीच मिळत नाही.

ओंकार : म्हणजे मत कुणाला दिलं यापेक्षा ते कुठे दिलं यावर किंमत ठरते. माझा आक्षेप तोच आहे. भाजपलाही 31 टक्के मतांवर 282 जागा मिळाल्या, म्हणजे निम्म्याहून जास्त.

सायली : पण त्यामुळेच एका पक्षाचं स्थिर सरकार आलं. शिवाय ठाण्याच्या मतदाराला आपला खासदार कोण, जाब कुणाला विचारायचा, हे पक्कं माहीत असतं. प्रमाणशीर पद्धतीत, म्हणजे पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा मिळतात तिथे, पक्षाच्या यादीतून आलेल्या खासदाराचं तसं नसतं. संविधान सभेतही प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी झाली होती. साक्षरता कमी आहे आणि सरकार स्थिर हवं, या कारणांनी आंबेडकरांनी ती मान्य केली नाही.

ओंकार : साक्षरतेचं कारण आता किती टिकतं? प्रमाणशीर पद्धत असती तर बसपाला 22-23 जागा मिळाल्या असत्या.

सायली : तसं थेट म्हणता येणार नाही. पद्धत बदलली की मतदारही वेगळं मत देतो. आज 'आपला उमेदवार पडणारच, मत वाया जाईल' म्हणून कितीतरी जण दुसऱ्याला मत देतात. ती मतं आकड्यात दिसतच नाहीत.

ओंकारचा आक्षेप मतांच्या आणि जागांच्या प्रमाणातल्या तफावतीवर आहे, सायलीचे समर्थन स्थैर्य आणि उत्तरदायित्वावर. तफावतीबाबत ओंकारची बाजू भक्कम आहे, मात्र त्याच्या 22-23 जागांना सायलीने लावलेली मर्यादा उत्तरात लिहायलाच हवी. राज्यसभेसाठी आमदार एकल संक्रमणीय मतपद्धतीने, म्हणजे उमेदवारांना पसंतीक्रम देऊन, मतदान करतात, म्हणजे प्रमाणशीर पद्धत आपल्याकडेही वापरात आहे.