खानापूरच्या बाजारात अडकलेले ₹340

पावसाळ्यातली गोष्ट. खानापूरच्या आठवडी बाजारात ब्याडगी मिरची घेतली, क्यूआर स्कॅन करून ₹340 पाठवले. माझ्या खात्यातून पैसे कट झाल्याचा मेसेज आला, पण विक्रेत्या मावशी म्हणाल्या, "माझ्याकडं काही आलं नाही की हो." मग ते ₹340 होते कुठे?

यूपीआयमध्ये बँकांमध्ये धावतात ते निरोप. क्यूआरमधून ॲपला मावशींचा यूपीआय पत्ता कळतो. मी टाकलेला पिन फोनमध्येच कुलूपबंद होतो, तो ॲपलाही वाचता येत नाही. ॲपच्या बँकेमार्फत ही विनंती एनपीसीआय या संस्थेच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे जाते. पत्त्यामागचं खातं कोणतं, हे कळलं की ती यंत्रणा आधी माझ्या बँकेला सांगते, ‘₹340 वजा करा.’ बँक पिन आणि शिल्लक तपासून रक्कम वजा करते आणि तसं कळवते. त्यानंतरच मावशींच्या बँकेला निरोप जातो, ‘₹340 जमा करा.’

क्रम असा का? आधी जमा केले आणि माझ्या खात्यात पैसेच नसले, तर बँकेला भुर्दंड बसेल.

मावशींच्या बँकेने ‘जमा होत नाही’ असं स्पष्ट कळवलं, तर माझे पैसे लगेच परत फिरवता येतात. खरी अडचण तिच्याकडून उत्तरच न येण्याची. पैसे जमा झाले आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं, असंही असू शकतं. अशा वेळी मला परत दिले तर तेच ₹340 दोघांकडे जातील. म्हणून व्यवहार लोंबकळत ठेवून दोन्हीकडच्या नोंदी नंतर ताडून बघतात.

दोन बँकांमधला खरा हिशेबही मागाहून, दिवसातून अनेकदा होतो. समजा, एका बँकेच्या ग्राहकांनी दुसरीकडे 10 लाख पाठवले आणि तिकडून 9 लाख आले, तर रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांत फक्त 1 लाखाचा फरक वळता होतो. तोवर मावशींना त्यांची बँक आपल्या भरवशावर पैसे देते.

रिझर्व्ह बँकेच्या 2019च्या नियमानुसार, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेली रक्कम जमा झाली नसेल, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. दुकानदाराच्या व्यापारी खात्याचा व्यवहार असेल तर मुदत पाच दिवसांची. त्यापुढे दिवसाला ₹100 भरपाई. ‘पेंडिंग’ दिसत असताना पुन्हा पैसे पाठवले, तर दोन्ही वेळचे जमा होऊ शकतात.

त्या दिवशी मी मावशींना रोख पैसे दिले आणि ॲपमध्ये दिसणारा त्या व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर क्रमांक लिहून दिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने खात्याच्या उताऱ्यात तोच क्रमांक शोधला. ₹340 जमा झाले होते. पुढच्या बाजाराला मावशींनी माझी रोकड परत केली.